सोनोग्राफीतल्या वजनाशेजारी त्याची चूकही लिहा: सोलापुरातील डॉक्टरांना खुलं पत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात गरोदर बायकांची सोनोग्राफी करणाऱ्या आणि त्यांची बाळंतपणं करणाऱ्या माझ्या सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचं कशासाठी लिहिलंय ते कळेल. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टावर बाळाचं वजन एका आकड्यात लिहिणं आपण थांबवावं. आकडा लिहावा, पण त्याच्या शेजारी तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही ग्रॅममध्ये लिहावं. आणि हातात आलेल्या रिपोर्टावर नुसतं ‘बाळ मोठं’ असं आहे म्हणून कुणा निरोगी पहिलटकरणीच्या पोटावर सुरी ठेवू नये.

हे पत्र उघडपणे लिहिण्याचं कारण असं की रिपोर्ट आता आपल्या दोघांतच राहत नाही. तो बाई वाचते, नवरा वाचतो, त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर जातो. अक्कलकोट, तुळजापूर, इंडी, मंगळवेढा अशा चहूबाजूंनी बायका सोलापूरला येतात. सोनोग्राफी एका ठिकाणी होते, बाळंतपण दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतातच असं नाही. मधल्या प्रवासात बाळाविषयी जे काही पोचतं ते कागदावरच्या त्या आकड्यातून. म्हणून हे घरच्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

एका बाईची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण मापं जशीच्या तशी आहेत. चोवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण, उंची बेताची, बीपी ठीक. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी काढलेली शुगर ११२, म्हणजे १४०च्या बरीच खाली. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून धरलेल्या तारखेप्रमाणे ३९ आठवडे आणि एक दिवस. कळा नाहीत. रिपोर्टावर बाळाचं वजन ३८६४ ग्रॅम, शेजारी ‘वाढ जास्त’ असा शेरा. सोबतच्या चिठ्ठीवर तेच वजन ‘सुमारे ४ किलो’ झालं होतं. सासूबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, चार किलोचं लेकरू हाय म्हणं. नॉर्मल कसं व्हायचं ओ? सिझरच करून टाका.”

त्यांची भीती खोटी नव्हती. ती ज्या आकड्यावर उभी होती, तो मात्र तपासायला हवा होता.

सोनोग्राफीचं यंत्र बाळाचं वजन करत नाही. आपण पडद्यावर बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतो. यंत्र ती मापं एका सूत्रात घालतं. बहुतेक यंत्रांत हॅडलॉक आणि सहकाऱ्यांचं १९८५ सालचं सूत्र असतं. त्यांनी अमेरिकेतल्या बायकांची जन्माच्या थोडं आधी सोनोग्राफी केली, जन्मल्यावर बाळाचं खरं वजन घेतलं, आणि मापांवरून वजनाचा अंदाज बसवणारी समीकरणं काढली. त्यातलं तीन मापांचं असं आहे, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये:

```
log10(EFW) = 1.326 − 0.00326·AC·FL + 0.0107·HC + 0.0438·AC + 0.158·FL
```

EFW म्हणजे बाळाचं अंदाजे वजन, AC म्हणजे पोटाचा घेर, FL मांडीचं हाड, HC डोक्याचा घेर. या बाईच्या रिपोर्टावर HC ३४.०, FL ७.४ आणि AC ३७.० होतं. सूत्रात घाला, ३८६४ येतं. हिशेब बरोबर आहे, यंत्र चुकलेलं नाही. पण AC ३७ ऐवजी ३६ धरलं, बाकी काहीच हलवलं नाही, तर वजन ३६९३ येतं, आणि ३८ धरलं तर ४०४३. पोटाच्या घेरात एक सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला की वजन पावणेदोनशे ग्रॅमने हलतं. डोक्याच्या घेरातल्या तेवढ्याच फरकाने जेमतेम शंभर ग्रॅमचा फरक पडतो. शिवाय डोक्याच्या कवटीची आणि मांडीच्या हाडाची कड पडद्यावर पांढरी, ठळक दिसते. पोटाला तशी कड नाही. म्हणजे ज्या मापावर वजन सर्वात जास्त अवलंबून आहे, तेच माप घ्यायला सर्वात अवघड आहे.

सोनोग्राफी करणाऱ्यांना हे मी शिकवावं असं नाही, पण घरच्यांसाठी सांगते. पोटाचा घेर घेताना बाळाच्या पोटाचा आडवा, गोल छेद लागतो. त्यात जठराचा काळा ठिपका दिसावा, नाभीकडून आलेली शीर यकृतात वळते तो छोटा तुकडा दिसावा, मागे कण्याचे तीन ठिपके आणि दोन्ही बाजूंच्या फासळ्या सारख्या दिसाव्यात. मूत्रपिंड दिसलं तर छेद खाली गेलाय किंवा तिरका झालाय. हृदय दिसलं तर वर गेलाय. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते, तसंच छेद तिरका झाला की पोट लंबगोल होतं आणि घेर वाढतो. नवव्या महिन्यात हे जास्त होतं. बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं असतं, बाळ दाटीवाटीने बसलेलं असतं, त्याची पाठ पुढे आली की फासळ्यांची सावली पडते, आणि पोटाची कड आणि गर्भाशयाची भिंत एकमेकांना टेकल्यामुळे नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही. लंबवर्तुळ कातडीच्या थोडं बाहेर काढलं गेलं की दीड सेंटिमीटर कधी वाढला ते समजतही नाही. प्रोब जोरात दाबला तर पोट चपटं होऊन वेगळाच आकार येतो.

या बाईचं माप मी पुन्हा घ्यायला सांगितलं. पहिल्या चित्रात एका बाजूला मूत्रपिंडाची कड दिसत होती. बाळ थोडं फिरेपर्यंत थांबून, तीन वेगळ्या छेदांत तीनदा घेर घेतला, सरासरी ३६.० आली. डोकं आणि हाड तेवढंच. वजन ३६९३. बाळ होतं तेवढंच होतं. कागदावरचे पावणेदोनशे ग्रॅम मात्र गेले.

आता माप अगदी पुस्तकात दाखवलंय तसं घेतलं, तरी उरणाऱ्या चुकीकडे येते. ही चूक कुणाच्या हाताची नाही, सूत्राचीच आहे. दोन बाळांच्या पोटाचा, डोक्याचा, हाडाचा आकार सारखा असला तरी चरबी किती, स्नायू किती, अंग किती भरीव, हे वेगळं असतं, आणि सूत्राला ते दिसत नाही. चांगल्या हातांतही या सूत्राची चूक साधारण साडेसात टक्क्यांच्या प्रमाणित विचलनाची असते. सोप्या भाषेत, शंभरातल्या सुमारे सत्तर बाळांत अंदाज खऱ्या वजनाच्या साडेसात-आठ टक्क्यांच्या आत बसतो, आणि पंचाण्णव बाळांत पंधरा टक्क्यांच्या आत. उरलेली पाच त्याच्याही बाहेर. आपल्या ३८६४ वर पंधरा टक्के म्हणजे ५८० ग्रॅम. म्हणजे रिपोर्टाने खरं तर एवढंच सांगितलं होतं की वजन ३३०० ते ४४५० च्या दरम्यान कुठेतरी आहे. काही यंत्रांच्या पडद्यावर वजनापुढे ± असा आकडा येतोही. टाइप करताना तो गळतो आणि ‘३८६४’ एवढंच कागदावर उतरतं, शेवटच्या चार ग्रॅमसकट. तराजूवर ठेवून घेतल्यासारखं दिसतं ते.

मोठ्या बाळांत हा अंदाज आणखी बिघडतो. सूत्र बेतलं तेव्हा मधल्या वजनाची बाळं जास्त होती, त्यामुळे दोन्ही टोकांना ते कमी विश्वासाचं.

इथे एक मुद्दा नीट थांबून सांगते, कारण आपल्यापैकी बरेच जण तो लक्षात घेत नाहीत. आपण म्हणतो, चूक दोन्ही बाजूंना होते, मग ३.९ किलोचं बाळ ३.६चं असू शकतं तसं ४.२चंही असू शकतं, धोका कशाला घ्या. पण या दोन शक्यता सारख्या नाहीत. हिशेबासाठी धरू की मधुमेह नसलेल्या आपल्याकडच्या बायकांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी ३ किलोची असतात आणि त्यांचं प्रमाणित विचलन ४०० ग्रॅम आहे. मग ३.६ किलोची बाळं ४.२ किलोच्या बाळांपेक्षा सुमारे तीसपट जास्त असतील. ज्या रिपोर्टांवर ३.९ छापलं जातं त्यांत ३.६चं बाळ जास्त मोजलं गेल्याचे रिपोर्ट खूप असणार आणि ४.२चं कमी मोजलं गेल्याचे फार थोडे, कारण ४.२ची बाळंच थोडी. सोनोग्राफीची चूक ३०० ग्रॅम धरून हे दोन्ही एकत्र केलं तर ३९०० लिहिलेल्या रिपोर्टामागचं बाळ सरासरी ३५८० ग्रॅमच्या आसपास येतं. ते ४ किलोच्या वर असण्याची शक्यता शंभरात चारएक. आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या रुग्णालयाची सरासरी वेगळी असली तर उत्तर हलेल, पण दिशा बदलणार नाही. आपल्याकडे जिथे चार किलोची बाळं कमी, तिथे ‘चार किलो’ लिहिलेले रिपोर्ट बहुतांशी फुगलेले असणार.

यालाच जोडून उलट बाजू. आईला मधुमेह असेल, आधीचं बाळ ३.९ किलोचं झालेलं असेल, आईचं वजन गरोदरपणाआधीच खूप असेल, तर सुरुवातीची सरासरीच वर सरकते आणि तोच ३.९चा आकडा जास्त खरा मानावा लागतो. म्हणून आकडा वाचताना तो कुणाच्या पोटातला आहे ते आधी बघायचं. एकच रिपोर्ट दोन बायकांत दोन अर्थांचा असू शकतो.

आणखी एक गोष्ट रिपोर्टावर छापली जाते आणि गोंधळ करते. या बाईच्या पोटाच्या घेरासमोर ‘४१ आठवडे’ असं होतं. घरच्यांनी त्यावरून दिवस उलटून गेले असा अर्थ काढला. शेवटच्या तिमाहीत मापांवरून काढलेले दिवस तीन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतच्या लांबीवरून ठरवलेली तारीख पाच ते सात दिवसांच्या आत बरोबर असते. ती एकदा ठरली की बदलायची नाही. नवव्या महिन्याच्या रिपोर्टावर तीच तारीख वर ठळक लिहा, घेरासमोरचे आठवडे नाही लिहिले तरी चालेल.

आता बाळंतपण करणाऱ्यांकडे वळते. मोठ्या बाळाची खरी भीती म्हणजे डोकं बाहेर येऊन खांदा अडकणं. त्यात बाळाच्या मानेतल्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडू शकतो. बहुतेकांचा तो काही महिन्यांत भरून येतो, थोड्यांचा कायमचा राहतो. वजन वाढलं की हा धोका वाढतो, यात वाद नाही. पण खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी चार किलोच्या आतली असतात. वजनाचा आकडा घेऊन आपण हा प्रसंग आधी ओळखू शकत नाही.

मग सिझेरियन कधी? अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं, एकॉगचं, सांगणं असं की अंदाजे वजन ५००० ग्रॅम किंवा जास्त असेल तर, आणि मधुमेह असलेल्या आईत ४५०० किंवा जास्त असेल तर, आधीच सिझेरियन करण्याचा विचार करावा. विचार करावा, करावंच असं नाही. १९९६ साली ड्वाइट राऊस आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता. मधुमेह नसलेल्या बायकांत सोनोग्राफीत ४५०० आलं की सिझेरियन, असा नियम केला तर एका बाळाचा कायमचा लुळा हात वाचवायला ३,६९५ सिझेरियन करावी लागतील. मधुमेह असलेल्यांत ४४३. इतका फरक का, तर मधुमेही आईच्या बाळाची चरबी खांद्याभोवती आणि छाती-पोटावर जास्त साठते, डोक्याच्या मानाने खांदे रुंद होतात, आणि तेवढ्याच वजनाला ते जास्त अडकतात.

यावर आपलं नेहमीचं म्हणणं असं की हे आकडे उंच्यापुऱ्या अमेरिकन बायकांचे, आपल्या पाच फुटी बाईला ते कसे लागू? प्रश्न रास्त आहे. आईची उंची, कटीचा आकार, आधीचं बाळंतपण हे सगळं बघायलाच हवं. पण त्यावरून ‘आपल्याकडे साडेतीनची सीमा’ असा नियम मनाने ठरवणं बरोबर नाही. असा नियम मान्य झालेला नाही. बाळाला वाट पुरते की नाही हे सोनोग्राफीच्या टेबलावर कळत नाही, कळांमध्ये कळतं. गर्भाशयाचं तोंड उघडतंय का, डोकं खाली सरकतंय का, हे लेबर रूममधल्या तक्त्यावर तासातासाला दिसतं. कळा न येताच रिपोर्टावर ‘वाट अपुरी’ लिहिलेलं मी बघते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या बाईला प्रयत्न करण्याची संधीच मिळालेली नसते. पुढच्या बाळंतपणात तिच्या गर्भाशयावर व्रण असतो, वार त्या व्रणावर रुतण्याचा धोका असतो, आणि हे ओझं तिचं एकटीचं असतं. जगभर हे दिसलंय की सारख्याच वजनाची बाळं असूनही ज्यांच्या रिपोर्टावर ‘बाळ मोठं’ असं लिहिलेलं होतं त्या बायकांची सिझेरियन जास्त झाली. त्या जास्तीच्या सिझेरियनला कारण बाळ नव्हतं, रिपोर्टावरची ओळ होती.

कळा आधी सुरू करून द्याव्यात का, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्यात मी ठाम नाही. बूल्वाँ आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या अभ्यासात ८२२ बायका होत्या. ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू केलेल्यांत खांदा अडकणं आणि त्यासारख्या गोष्टी सहा टक्क्यांवरून दोनवर आल्या. सिझेरियन वाढली नाहीत. पण हात कायमचा लुळा पडलेलं बाळ कोणत्याच गटात नव्हतं, आणि लवकर जन्मलेल्या बाळांना काविळीसाठी दिव्याखाली जास्त ठेवावं लागलं. २०२५ मध्ये ब्रिटनमधला बिग बेबी अभ्यास आला. सुमारे २९०० बायका, ३८ आठवडे पूर्ण होताच कळा सुरू करणं विरुद्ध नेहमीची पद्धत. खांदा अडकण्याचं प्रमाण २.३ विरुद्ध ३.१ टक्के, म्हणजे फरक ठामपणे सांगता येईल इतका नाही. प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे झालेल्यांतच मोजलं तर २.३ विरुद्ध ३.७. याचा मी काढलेला अर्थ असा: मधुमेह नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी निव्वळ वजनासाठी कळा सुरू करू नये. त्यानंतर बाईला दोन्ही वाटा सांगाव्यात आणि तिला ठरवू द्यावं. या अभ्यासांतल्या बायकांची निवडही सोनोग्राफीतल्या अंदाजावरच झाली होती, आणि त्यांतल्या अनेकींची बाळं जन्मल्यावर मोठी निघाली नाहीत, हेही तिला सांगावं.

तिला सांगायचं म्हणजे काय शब्दांत? मी त्या सासूबाईंना आणि सुनेला एकत्र बसवून जे सांगितलं ते असं. “हे वजन अंदाजाचं आहे. बाळ सव्वातीनचं असेल, साडेतीनचं असेल, क्वचित सव्वाचारचंही असेल. तुझी शुगर चांगली आहे. कळा आपोआप येऊ दे. कळा आल्या की तासातासाला बघू. डोकं खाली येत नसेल तर सिझेरियन करू, तेव्हा ते कारणाने केलेलं असेल. बाळाचा खांदा अडकला तर काय करायचं ते आम्हा सगळ्यांना येतं आणि त्या वेळी दोन जास्तीच्या सिस्टर खोलीत असतील.” सासूबाईंनी एकच विचारलं, “मग रिपोर्टात असं का लिवलंय?” त्याचं उत्तर म्हणून मी हे पत्र लिहितेय.

शेवटचं वाक्य मी तिला धीर द्यायला म्हटलं नव्हतं, तयारी खरंच ठेवली होती. मोठ्या बाळाचा संशय असला की शस्त्रक्रियेपेक्षा आधी ही तयारी लागते. खांदा अडकला की आईचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे घट्ट आणायचे, एकीने जघनाच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या खांद्यावर, तळव्याने दाब द्यायचा. बरीचशी बाळं एवढ्यानेच सुटतात. नाही सुटलं तर हात आत घालून मागचा हात बाहेर काढायचा. पोटावर वरून, गर्भाशयाच्या माथ्यावर, कुणीही दाबायचं नाही. आपल्याकडे ही सवय अजून आहे, मदत म्हणून दाबलं जातं, आणि त्याने अडकलेला खांदा हाडाच्या मागे आणखी घट्ट बसतो. डोकं धरून ओढायचंही नाही. डोकं कधी बाहेर आलं ती वेळ एकीने मोठ्याने सांगायची आणि लिहायची. हा सराव महिन्यातून एकदा बाहुलीवर करायला पाऊण तास पुरतो.

त्या बाईला सहा दिवसांनी, ४० आठवड्यांना, रात्री कळा आल्या. नऊ-दहा तासांत बाळंत झाली. मुलगी, ३५४० ग्रॅम. शेवटच्या आठवड्यात बाळ दिवसाला पंचवीसएक ग्रॅमने वाढतं असं धरलं तर सोनोग्राफीच्या दिवशी ती ३३९०च्या आसपास असावी. पहिला रिपोर्ट चौदा टक्के जास्त, दुसरा नऊ टक्के. दोन्ही पंधराच्या आत, म्हणजे दोन्ही रिपोर्ट शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. चुकीचं होतं ते त्यातल्या एकाला ‘चार किलो’ समजणं.

आता सोनोग्राफी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना नेमकं काय मागते ते. वजनाची ओळ अशी लिहा: ‘अंदाजे वजन ३८६० ग्रॅम, खरं वजन साधारण ३३०० ते ४४५० च्या दरम्यान असू शकतं.’ ग्रॅमचे शेवटचे आकडे गोल करा. कोणतं सूत्र वापरलं ते लिहा, कारण एका केंद्रातल्या यंत्रात चार मापांचं आणि दुसऱ्यात दोन मापांचं सूत्र असेल तर तेच बाळ दोन ठिकाणी वेगळ्या वजनाचं निघतं आणि घरच्यांना वाटतं आठवड्यात बाळ वाढलं किंवा वाळलं. वाढ बघायची तर दोन सोनोग्राफींमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. पोटाच्या घेराचं चित्र रिपोर्टाला जोडा. छेद नीट मिळाला नसेल तर ‘छेद मनासारखा मिळाला नाही’ असं बिनदिक्कत लिहा. ते लिहिल्याने तुमचा मान कमी होत नाही, माझं काम सोपं होतं. आणि ‘बाळ मोठं’, ‘सिझेरियनचा सल्ला’ अशा ओळी रिपोर्टात नकोत. तो निर्णय तुमच्यासमोर नसलेल्या शुगरवर, आधीच्या बाळंतपणावर आणि अजून न आलेल्या कळांवर अवलंबून आहे.

आम्हा बाळंतपण करणाऱ्यांकडून मी एक गोष्ट द्यायला तयार आहे, आणि बाकीच्यांनीही द्यावी. सोनोग्राफी करणाऱ्याला बाळाचं खरं वजन कधी कळतच नाही. आपली चूक कोणत्या बाजूला जाते हे त्याला कळायचं कसं? सोनोग्राफीनंतर सात दिवसांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं तराजूवरचं वजन मी त्या त्या केंद्राला कळवीन, बाईचं नाव न देता, फक्त रिपोर्टाचा क्रमांक, सोनोग्राफीची तारीख, जन्माची तारीख आणि वजन. त्यांनी प्रत्येकाचा फरक टक्क्यांत काढावा. पन्नास बाळांची सरासरी शून्याच्या आसपास असेल तर हात बरोबर आहे. ती सहा-सात टक्के वर असेल तर घेर नेहमीच थोडा बाहेरून घेतला जातोय, किंवा यंत्रातलं सूत्र बदलून बघायला हवं. सरासरी ठीक पण आकडे फार विखुरलेले असतील तर छेदाकडे बघावं लागेल. यासाठी पैसे लागत नाहीत, एक वही लागते. ज्या केंद्रांना ही वही सुरू करायची आहे त्यांनी मला किंवा तुमच्याकडे बायका पाठवणाऱ्या कोणत्याही प्रसूतिगृहाला सांगावं. पहिल्या पन्नास बाळांचे आकडे जमले की एका संध्याकाळी एकत्र बसून ते बघू.

आपली,
सोलापुरातील एक प्रसूतितज्ज्ञ